राउटर आणि छोट्या सर्व्हरसाठी यूपीएस: किती वेळ चालेल ते आधी कसं काढायचं?

खिडकीखालचा

नमस्कार मंडळी. एक मिनी पीसी सर्व्हर म्हणून चोवीस तास चालू असतो. त्यावर घरातल्यांचे फोटो, फायलींचा बॅकअप आणि थोडंफार इकडचं तिकडचं. त्याला एक यूएसबी हार्ड डिस्क लावलेली आहे. शेजारी राउटर आणि फायबरचा डबा. मागच्या आठवड्यात डिस्कवर लिहिणं चालू असतानाच लाइट गेली. परत आल्यावर फोटोंचा डेटाबेस उघडेना. जुनी प्रत होती म्हणून निभावलं, पण आता यूपीएस घ्यायचाच असं ठरवलंय.

मला दोन गोष्टी हव्यात. लाइट गेल्यावर दोन-अडीच तास तरी इंटरनेट टिकावं, आणि सर्व्हर नीट, स्वतःहून बंद व्हावा. अडॅप्टरवरचे आकडे बघितले: मिनी पीसी ६५ वॅट, राउटर १८, डबा १२. बेरीज ९५ वॅट. ६०० व्हीए की ११०० व्हीए? आणि किती वेळ चालेल हे विकणाऱ्याला विचारलं की "तास-दीड तास आरामात" एवढंच उत्तर मिळतं. त्याचा काही हिशोब असतो की नाही?

मधली वायर

हिशोब सोपा आहे. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते. बारा सत्ते चौऱ्याऐंशी, म्हणजे ८४ वॅट-अवर. त्याला तुमच्या वॅटने भागा. आणि अडॅप्टरवर लिहिलेलं सगळं काही तो खेचत नाही, निम्मं धरा. ८४ भागिले ४७, म्हणजे पावणेदोन तास. ६०० पुरे.

सुमनमावशी

आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, सगळं घर त्यावर चालतं. वेगळा यूपीएस कशाला हवा ते मला कळलं नाही. फक्त लाइट गेली की वायफाय दोन मिनिटं जातं आणि आपोआप परत येतं. तेवढं चालवून घेतो आम्ही.

जुना सोल्डर

मावशी, ती दोन मिनिटंच तर इथला प्रश्न आहे. इन्व्हर्टरने वीज घ्यायला थोडा उशीर केला म्हणून तुमचा राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. तुमच्या इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा खटका असेल, त्यावर यूपीएस की साधं असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो यूपीएसकडे केलात तर बहुतेक वायफाय जाणारच नाही. पण खिडकीखालच्यांकडे इन्व्हर्टर नाही, आणि असता तरी "आता बॅटरी संपत आलीय, बंद हो" हे तो सर्व्हरला सांगू शकत नाही.

खिडकीखालचे, व्हीए बाजूला ठेवा. व्हीए म्हणजे हमाल एका वेळी किती वजन उचलेल ते. किती लांब चालेल ते बॅटरीवर ठरतं. पण त्याआधी ते ९५ वॅट खोडा. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचं वॅटमीटर कुणाकडून तरी आणा आणि एकेक वस्तू मोजा. सर्व्हर निवांत असताना आणि काम करत असताना, दोन्ही वेळा. निम्मे, पाव असले अंदाज इथे उपयोगाचे नाहीत.

खिडकीखालचा

मीटर मिळालं, मोजलं. राउटर ७ वॅट, डबा ४, मिनी पीसी डिस्कसकट ११. एकूण २२! रात्रीचा बॅकअप चालू असताना मिनी पीसी २६-२७ पर्यंत जातो, पण तो अर्धाच तास. ९५ कुठे आणि २२ कुठे.

मधली वायर

मग तर झालंच. ८४ भागिले २२, पावणेचार तासांच्या वर. छोटाच घ्या.

जुना सोल्डर

इथेच लोक फसतात. तुमच्या भागाकारात दोन गोष्टी सुटल्या आहेत.

पहिली, बॅटरीवर लिहिलेले ७ अँपिअर-अवर तेव्हा मिळतात जेव्हा ती वीस तासांत हळूहळू उतरवता. दीड-दोन तासांत ओढून घेतलीत तर ती तेवढं देत नाही, आणि शेवटचा थेंब निघायच्या आधीच यूपीएस तिला तोडतो. लिहिलेल्याच्या साठ टक्के हाती लागले तर मी खूश असतो. म्हणजे ८४ चे झाले साधारण ५०.

दुसरी, यूपीएस स्वतः खातो. बॅटरीचे बारा व्होल्ट घरातल्या व्होल्टेजपर्यंत चढवायचे तर आतलं यंत्र चालू ठेवावं लागतं, आणि तुम्ही काही जोडा वा न जोडा, त्याला दहा-पंधरा वॅट लागतातच. लोड ३०० वॅट असेल तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमचा लोड २२ आहे, म्हणजे बॅटरीवर खरा भार ३५ च्या पुढे. ५० भागिले ३७ केलं तर एक तास वीस मिनिटं.

माझा अंदाज सव्वा तास. पण अंदाजावर वस्तू घेऊ नका, कुणाचा तरी यूपीएस दोन दिवस मागून आणा आणि करून बघा. चाचणीला सर्व्हर लावू नका. तेवढ्याच वॅटचे दिवे लावा, मीटरवर २२ दिसेपर्यंत. आणि हा प्रयोग रोज करू नका, शिशाच्या बॅटरीला पूर्ण उतरवणं सोसत नाही.

गच्चीवरची मांजर

थांबा, माझं उलटं झालंय, म्हणून विचारते. माझ्याकडे १००० व्हीएचा आहे, त्यावर फक्त राउटर. ६ वॅट. लाइट गेली की पाच-सहा मिनिटांत यूपीएस गप्प बसतो. बॅटरी गेली असेल म्हणून नवी टाकली, तरी तेच. दोन बॅटऱ्या आहेत आत, आणि सहा वॅट सहा मिनिटं चालत नाहीत? दुरुस्तीवाल्याने "सर्किट गेलंय, नवीन घ्या" असं सांगितलं.

जुना सोल्डर

नवीन घेऊ नका. आधी राउटरच्या जोडीला एक ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा आणि प्लग काढा.

गच्चीवरची मांजर

बल्ब लावला. चाळीस मिनिटं झाली, चालूच आहे! शेवटी मीच कंटाळून बंद केला. लोड वाढवल्यावर जास्त वेळ चालतो? हे काय गौडबंगाल?

जुना सोल्डर

काही यूपीएस बॅटरीवर असताना बघतात की पलीकडे कुणी आहे का. लोड अगदीच कमी असला की "संगणक बंद करून माणूस घरी गेला" असं समजून बॅटरी वाचवायला पाच-दहा मिनिटांत स्वतःला बंद करतात. ऑफिसातल्या संगणकासाठी ते शहाणपणाचं आहे, राउटरसाठी मूर्खपणाचं. तुमची जुनी बॅटरीही बहुधा ठीकच होती.

माहितीपुस्तिकेत ऊर्जा-बचत अशा नावाने ही सोय सापडेल. काहींत एक बटण दाबून ठेवून ती बंद करता येते, काहींत नाहीच येत. ओळखायची खूण तुम्हाला आता कळलीच: वेळ दरवेळी जवळपास सारखी येते, बॅटरी कमी झाल्याची बीप न होता सरळ बंद पडतो, आणि लोड वाढवला की टिकतो.

म्हणून खिडकीखालचे, जास्त वेळ हवा म्हणून आंधळेपणाने ११०० व्हीए घेऊ नका. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅटचा यूपीएस, त्याच्या हिशोबाने तुमचे २२ वॅट सहा टक्के. मोठ्याच्या हिशोबाने तीन-चार टक्के, म्हणजे त्याला तुम्ही दिसणारच नाही अशी शक्यता. शिवाय मोठा स्वतःही जास्त खातो.

खिडकीखालचा

मावसभावाचा ६०० व्हीए आणला, बॅटरी याच वर्षी बदललेली. एक नऊ वॅटचा आणि एक बाराचा एलईडी, मीटरवर २२ च्या आसपास. रात्रभर चार्ज केला, सकाळी प्लग काढला आणि पेपर वाचत बसलो. १ तास २६ मिनिटं. सोल्डर काका, पायाचे ठसे घ्यावेत म्हणतो.

पुढच्या रविवारी फक्त ११ वॅटवर केलं: २ तास १० मिनिटं. लोड निम्मा केला तरी वेळ दुप्पट झाला नाही.

मधली वायर

मान्य, हरलो. पण आता या दोन आकड्यांवरून यूपीएस स्वतः किती खातो ते काढता येईल की. समजा तो क्ष वॅट खातो. दोन्ही वेळा बॅटरीतून तेवढीच वीज निघाली असं धरलं तर

```
(22 + x) * 86 = (11 + x) * 130
x = 10.5
```

म्हणजे साडेदहा वॅट, आणि बॅटरीतून निघाले ४६-४७ वॅट-अवर. ८४ लिहिलंय आणि निघाले सत्तेचाळीस!

जुना सोल्डर

छान काढलंत. मात्र दोन्ही वेळा तेवढीच वीज निघत नाही. हळू ओढली की बॅटरी थोडी जास्त देते, म्हणून खरा क्ष साडेदहापेक्षा काहीसा जास्त असणार. पण घरच्या कामाला हे गणित पुरेसं आहे. आता हाच यूपीएस १५ वॅटवर किती चालेल ते तुम्ही घरबसल्या सांगू शकता.

मधली वायर

४६.६ भागिले २५.५. एक तास पन्नास मिनिटांच्या आसपास. पण खिडकीखालच्यांना दोन-अडीच तास इंटरनेट हवंय, ते यात बसत नाही. मग राउटरसाठी तो बारा व्होल्टचा चपटा यूपीएस का नाही घेत? माझ्या मेहुण्याकडे आहे, १०,००० एमएएच. राउटर आणि डबा मिळून ११ वॅट, म्हणजे एक अँपिअरही नाही. दहा तास चालेल.

जुना सोल्डर

कल्पना बरोबर, तास चुकले. ते १०,००० एमएएच आतल्या लिथियम सेलचे असतात, आणि सेल ३.७ व्होल्टचा. १० गुणिले ३.७, म्हणजे ३७ वॅट-अवर. तिथून बारा व्होल्टपर्यंत चढवताना पंधरा टक्के जातात असं धरा, राहिले ३१. भागिले ११, पावणेतीन तास. बॅटरीचा वॅट-अवरमधला आकडा डब्यावर बारीक अक्षरात छापलेला असेल तर तोच वाचा. तो नसेल आणि एमएएचचा आकडा भलता मोठा असेल तर मी घेत नाही.

पण बघा, ३७ वॅट-अवरच्या चपट्या डब्याने पावणेतीन तास दिले, आणि ८४ वॅट-अवरच्या शिशाच्या बॅटरीने त्याच ११ वॅटला सव्वादोन तासही दिले नाहीत. बाराचे घरातल्या व्होल्टेजपर्यंत चढवा आणि अडॅप्टरने परत बारावर उतरवा, या येरझारेत इतकं जातं.

घेताना एवढं तपासा की राउटर आणि डबा दोघेही खरंच १२ व्होल्टचे आहेत, आणि दोन तोंडांना मिळून तो किती अँपिअर देतो. काही स्वस्त डब्यांत सेल थेट बाहेर जोडलेले असतात, बॅटरी उतरेल तसं व्होल्टेज घसरतं. मग राउटर तासाभराने अधूनमधून स्वतःच रीस्टार्ट व्हायला लागतो आणि माणूस राउटरला शिव्या घालतो.

पाचवा मजला

आमचा अनुभव सांगतो. असाच डबा घेतला, राउटर तीन तास चालतो, पण इंटरनेट वीस मिनिटांत जातं. वायफाय पूर्ण, इंटरनेट शून्य. केबलवाल्याचा स्विच आमच्या जिन्यात आहे, त्याची बॅटरी तेवढीच टिकते. तेव्हा आधी तेवढं बघून घ्या.

जुना सोल्डर

लाखमोलाचं. थेट फायबर घरात येत असेल तर वाटेतल्या फाट्यांना बहुधा वीज लागत नाही. इमारतीत स्विच असेल तर मात्र त्याच्या मालकाची बॅटरी तेवढंच तुमचं इंटरनेट.

खिडकीखालचा

माझ्याकडे फायबर थेट डब्यापर्यंत येतं. मग ठरलं: राउटर आणि डबा चपट्या यूपीएसवर, सर्व्हर एकटा ६०० व्हीएवर. मावसभावाच्या यूपीएसला यूएसबी आहे, तोच मी ठेवून घेतोय. यूपीएसवर नजर ठेवणाऱ्या `NUT` या सॉफ्टवेअरमध्ये `nutdrv_qx` या ड्रायव्हरने तो ओळखला गेला. पण `upsc` जे सांगतं त्यावर विश्वास बसत नाही. लोड कधी ३ टक्के, कधी ७. बॅटरी १०० वरून मिनिटभरात ७० वर येते आणि मग तिथेच रेंगाळते.

जुना सोल्डर

विश्वास ठेवूही नका. या वर्गातल्या यूपीएसमध्ये बॅटरीचा टक्का बहुतेक वेळा व्होल्टेज बघून केलेला अंदाज असतो, आणि एवढ्या कमी लोडवर लोडचा आकडाही तसाच. म्हणून टक्क्यावर नको, घड्याळावर बंद करा. `upssched.conf` मध्ये:

```
AT ONBATT * START-TIMER ardhatas 1800
AT ONLINE * CANCEL-TIMER ardhatas
```

अर्धा तास लाइट आली नाही तर तुमची स्क्रिप्ट `upsmon -c fsd` चालवेल. बॅटरी दोन तास देते मग अर्धाच का, असं विचाराल. एक तर बॅटरी दोन-तीन वर्षांत निम्मी होते, उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवली तर त्याआधीच. दुसरं म्हणजे पूर्ण उतरलेली ही बॅटरी परत भरायला आठेक तास लागतात. दुपारी दोन तास गेली आणि संध्याकाळी पुन्हा गेली, तर दुसऱ्या वेळी तुमच्याकडे काही उरलेलं नसेल.

मधली वायर

यूएसबी नसलेला यूपीएस असेल त्यांच्यासाठी एक जुगाड: यूपीएसवर नसलेली, थेट भिंतीत लावलेली एखादी वायफायवाली वस्तू घ्या, स्मार्ट प्लग वगैरे. सर्व्हरने तिला दर मिनिटाला `ping` करायचं. सलग वीस मिनिटं उत्तर नाही, तर लाइट गेली असं समजून बंद व्हायचं. माझं वर्षभर चालू आहे. एकदा घरच्यांनी झाडताना प्लग काढला आणि सर्व्हर झोपला, तेवढं सोडा.

खिडकीखालचा

टायमर चालला, सर्व्हर नीट बंद झाला. पण तासाभराने लाइट आली तरी उठला नाही! बायोसमध्ये वीज आल्यावर `Last State` आहे.

जुना सोल्डर

दोन कारणं आहेत. `Last State` म्हणजे वीज जाताना जसा होता तसा. तुम्ही त्याला आधीच शहाण्यासारखं बंद केलंत, म्हणून शेवटची अवस्था "बंद". ते `Power On` करा.

पण तेवढ्याने भागणार नाही. सर्व्हर बंद झाला तरी यूपीएस बॅटरीवर चालूच होता, म्हणजे मिनी पीसीच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही. मग ती "आली" असं त्याला कसं कळणार? त्यासाठी सर्व्हर बंद होताना शेवटी `upsdrvctl shutdown` चालून यूपीएसने स्वतःचं आउटपुट तोडायला हवं. लाइट आली की यूपीएस जागा होतो, मिनी पीसीला वीज नव्याने मिळते आणि तो उठतो. आणि राउटर वेगळ्या डब्यावर ठेवला ते बरं केलंत, नाहीतर या तोडण्यात इंटरनेटही गेलं असतं.

खिडकीखालचा

केलं. प्लग काढला, `fsd` दिलं, सर्व्हर बंद, काही सेकंदांनी यूपीएस बंद. प्लग लावला, सगळं उठलं. मग मुद्दाम खोडी काढली: सर्व्हर बंद होत असताना, यूपीएस तुटायच्या आतच प्लग परत लावला. यूपीएस तुटलाच नाही, आणि सर्व्हर झोपलेला तो झोपलेलाच.

जुना सोल्डर

हो, ही फट आहे. चांगले यूपीएस अशा वेळीही एकदा तोडून परत जोडतात. स्वस्तातले काही मुख्य वीज दिसली की हुकूम विसरतात. तुमचा त्यातला निघाला. `offdelay` आणि `ondelay` बदलून बघा, पण मला फारशी आशा नाही.

मधली वायर

राउटर जागाच असतो ना? त्यालाच हाक मारायला लावा. `OpenWrt` असेल तर `cron` मध्ये:

```
*/10 * * * * /usr/bin/etherwake -i br-lan AA:BB:CC:DD:EE:FF
```

दर दहा मिनिटांनी. सर्व्हर चालू असेल तर काही होत नाही, झोपला असेल तर उठतो.

गच्चीवरची मांजर

आणि लाइट गेलेली असतानाच उठवला तर?

मधली वायर

तेव्हा यूपीएसने आउटपुट तोडलेलं असतं, मिनी पीसीला हाक ऐकू येण्यापुरतीही वीज नसते. फट पडते ती फक्त लाइट परत आली असताना, आणि तेव्हा तर उठायलाच हवं.

जुना सोल्डर

यात मला चूक सापडत नाही. बायोसमध्ये वेक-ऑन-लॅन चालू असल्याची खात्री करा, आणि तो पूर्ण बंद केल्यावरही नेटवर्कच्या खाचेतला दिवा लुकलुकतो का ते बघा.

खिडकीखालचा

लुकलुकतो, आणि उठतोही. पण म्हणजे मी स्वतः मुद्दाम बंद केला तरी दहा मिनिटांच्या आत उठून बसणार?

मधली वायर

बसणार. पंख्यातली धूळ काढायची असेल तेव्हा आधी नेटवर्कची वायर काढा.